वीजबचतीचा दावा पडताळणीत कसा टिकतो?

कारखान्यांना ऊर्जाबचतीची उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांच्या पत्रांत ‘वीजवापरात ३० टक्के बचत’ हे वाक्य हमखास आढळते. अनुभवी खरेदी अधिकारी अशा वेळी पहिला प्रश्न विचारतो : ही बचत कशाच्या तुलनेत? या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर नसेल, तर आकडा कितीही आकर्षक असला तरी तो टिकत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्याने हवेच्या कॉम्प्रेसरवर गती नियंत्रित करणारे उपकरण बसविले. त्यापूर्वीच्या एका महिन्यात वीजवापर ६०,००० युनिट होता, तर नंतरच्या एका महिन्यात तो ४२,००० युनिट झाला. घट १८,००० युनिट, म्हणजे ३० टक्के. विक्रेत्याने हाच आकडा पुढील ग्राहकांना पाठविलेल्या पत्रात छापला. मात्र पहिल्या महिन्यात उत्पादन १,००० टन होते आणि दुसऱ्या महिन्यात ७६० टन, ही बाब पत्रात नव्हती.

उपकरण बसविण्यापूर्वीच्या बारा महिन्यांचे उत्पादन आणि वीजवापर शेजारी मांडल्यास दोहोंतील संबंध समजतो. समजा, या कारखान्यात उत्पादन असो वा नसो, दरमहा १०,००० युनिट लागतात आणि त्यावर प्रत्येक टनामागे ५० युनिट खर्च होतात. या हिशेबाने १,००० टनांसाठी ६०,००० युनिट बरोबर जुळतात. परंतु ७६० टनांसाठी उपकरण नसतानाही ४८,००० युनिटच लागले असते. म्हणजे खरी बचत ४८,००० वजा ४२,०००, अर्थात ६,००० युनिट, साडेबारा टक्के. उरलेली १२,००० युनिटांची घट उत्पादन कमी झाल्यामुळे होती. ऊर्जाबचतीच्या मोजमापासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आयपीएमव्हीपी’ या पद्धतीचा गाभाही हाच आहे : पूर्वीच्या वापराशी थेट तुलना न करता, उपकरण नसते तर आजच्या परिस्थितीत किती वीज लागली असती, याच्याशी तुलना करावी. शीतगृहासारख्या ठिकाणी उत्पादनाऐवजी बाहेरचे तापमान व साठ्याचे प्रमाण विचारात घ्यावे लागते.

या हिशेबालाही मर्यादा आहे. मागील बारा महिन्यांत सूत्राने काढलेला आणि प्रत्यक्ष वापर यांत साधारणतः २,००० युनिटांचा फरक पडत असेल, तर एका महिन्याची बचत ४,००० ते ८,००० युनिट, म्हणजे सुमारे ८ ते १७ टक्के, एवढेच म्हणता येते. वर्षभराची नोंद घेतल्यास महिन्यामहिन्याचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात आणि आकडा अधिक भरवशाचा होतो.

बचतीचे रुपयांत रूपांतर करतानाही चूक होते. समजा, एकूण बिलाला युनिटांनी भागल्यास दर १० रुपये येतो. परंतु त्यात मागणी आकारासारखा भाग असतो आणि तो युनिट कमी झाले म्हणून आपोआप घटत नाही. युनिटमागे प्रत्यक्ष वाचणारी रक्कम ८ रुपये असेल, तर मासिक बचत ६०,००० नव्हे, तर ४८,००० रुपये ठरते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुख्य दाव्याशी विसंगत असा खुलासा तळटीपेत देऊन जाहिरातदाराला सुटका करून घेता येत नाही. व्यावसायिक वापरासाठी खरेदी करणारा कारखाना सहसा या अधिनियमातील ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १८ त्याला लागू होते. हाती असलेल्या माहितीचा पुरेसा आधार नसताना केलेले असत्य विधान, ते करणाऱ्याचा त्यावर प्रामाणिक विश्वास असला तरी, या कलमानुसार अयथार्थ निवेदन ठरू शकते. ‘आम्हाला खरेच तसे वाटले’ हा बचाव म्हणूनच पुरेसा नसतो.

‘३० टक्क्यांपर्यंत’ असे लिहूनही प्रश्न सुटत नाही. वीस ग्राहकांपैकी एकालाच तेवढी बचत झाली असेल, तर उर्वरित एकोणिसांचे काय, हे खरेदीदार विचारणारच. शिवाय ही बचत कॉम्प्रेसरची की संपूर्ण कारखान्याची, हेही स्पष्ट हवे. कारखान्याच्या एकूण विजेपैकी ३० टक्के वीज कॉम्प्रेसर वापरत असेल, तर त्यातील ३० टक्के बचत एकूण वापराच्या केवळ ९ टक्के भरते.

बारा महिन्यांच्या नोंदीतही हेच प्रमाण कायम राहिले, तर वरील उदाहरणातील विक्रेत्याला पुढील वाक्य निर्धास्तपणे लिहिता येईल : ‘एका कारखान्यात बारा महिन्यांच्या नोंदींनुसार, उत्पादनातील फरक वजा करता, एकूण वीजवापरात सुमारे १२ टक्के घट आढळली, मोजणीचा तपशील मागणीनुसार उपलब्ध आहे.’ आकडा लहान असला तरी खरेदीदाराचा लेखापरीक्षक तो स्वतः तपासून पाहू शकतो.