भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढलात, पण कोण कोणाच्या हाताखाली? अशी बनवा सोपी यादी

सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर पदांचा तक्ता असतो. अनेक जण त्याचा फोटो काढतात. पण मोबाइलवर झूम केलं की रेषा स्क्रीनबाहेर जातात. फोटोतला मजकूर कॉपी केला तर फक्त पदांची नावं हाती येतात, रेषा गळतात. मग तक्रार कोणाच्या वरिष्ठाकडे करायची, हे कळत नाही. उपाय म्हणजे तक्त्याची यादी करणं.

आधी रेषा वाचा

समजा, महसूल विभागाच्या तक्त्यात ८ चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा : हिच्यातून वर जाणारी रेषा कुठे पोहोचते? जिथे पोहोचते, ते पद वरिष्ठ. मग यादी अशी होते :

१ जिल्हाधिकारी
१.१ लघुलेखक
१.२ निवासी उपजिल्हाधिकारी
१.३ उपविभागीय अधिकारी (प्रांत)
१.३.१ तहसीलदार
१.३.१.१ नायब तहसीलदार
१.३.१.२ मंडळ अधिकारी
१.३.१.२.१ तलाठी

शेवटचा आकडा झाकला की वरिष्ठाचा क्रमांक मिळतो. तलाठ्याच्या क्रमांकातला शेवटचा १ झाकल्यावर १.३.१.२ उरतो, म्हणजे मंडळ अधिकारी. नुसती जागा सोडून लिहिलेली यादी व्हॉट्सॲपवर पाठवताना विस्कटू शकते, क्रमांक मात्र तसेच राहतात.

चूक कुठे होते?

चौकटीची उंची पाहून. लघुलेखकाची चौकट बऱ्याचदा जिल्हाधिकाऱ्यांच्या खाली, पण प्रांतांच्या वर बाजूला काढलेली असते. म्हणून प्रांत लघुलेखकाच्या हाताखाली येत नाहीत. दोघांचीही रेषा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तुटक रेषा असेल तर तक्त्याखालची सूची पाहा. ती बहुतेकदा समन्वय दाखवते, हाताखालचं पद नाही. तिच्यासाठी यादीत नवी ओळ नको, पदापुढे फक्त नोंद करा.

यादी बरोबर आहे का?

चौकटी आणि ठळक जोडण्या मोजा. सर्वांत वरचं पद सोडून प्रत्येकाला एकच वरिष्ठ असतो, म्हणून जोडण्या चौकटींपेक्षा एकाने कमी हव्यात. इथे ८ चौकटी, ७ जोडण्या. ६ भरल्या तर एखादं पद लोंबकळतंय. ८ भरल्या तर कुणाला तरी दोन वरिष्ठ लागलेत. तक्ता पुन्हा पाहा.

यादी काय सांगत नाही?

यादी देखरेखीची साखळी दाखवते, अपिलाची नाही. मंडळ अधिकाऱ्याचा वरिष्ठ तहसीलदार आहे. पण त्याने फेरफारावर दिलेल्या निर्णयाविरुद्धचं अपील जमीन महसूल संहितेनुसार प्रांतांकडे जातं. कामात दिरंगाई झाल्याची तक्रार असेल तर यादीत एक पायरी वर जा. निर्णयच मान्य नसेल तर अपील कुठे करायचं, ते कायद्यात पाहा.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार देखरेख आणि जबाबदारीची साखळी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. फोटो पुसट आला असेल तर ती माहिती मागा.