दर निम्मा, टप्पे दुप्पट

२००५ साली पोस्टात जाऊन दहा हजार रुपयांचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घेणाऱ्याला सहा वर्षांनी सोळा हजार दहा रुपये मिळत. दर होता द.सा.द.शे. ८, मुदत सहा वर्षांची. पण शाळेत शिकलेलं चक्रवाढ व्याजाचं सूत्र जसंच्या तसं लावलं, तर उत्तर १५,८६९ रुपये येतं. पोस्ट १४१ रुपये जास्त देत होतं, कारण त्या प्रमाणपत्रावर व्याजाची आकारणी वर्षातून एकदा न होता दर सहा महिन्यांनी होत असे.

शंभर रुपयांवर वर्षाला आठ रुपये, म्हणजे सहा महिन्यांचे चार. सहामाही आकारणीत हे चार रुपये जूनअखेर मुद्दलात मिळवले जातात आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी मुद्दल होतं १०४. त्याचे चार टक्के म्हणजे ४ रुपये १६ पैसे. वर्षअखेर हातात येतात १०८ रुपये १६ पैसे. वरचे सोळा पैसे हे पहिल्या चार रुपयांनी उरलेल्या सहा महिन्यांत मिळवलेलं व्याज. दर वर्षी १०८ नव्हे, तर १०८.१६ झाल्यावर सहा वर्षांत त्या सोळा पैशांचा फरक दहा हजारांवर १४१ रुपयांपर्यंत जातो.

म्हणून सूत्रात दोन ठिकाणी हात घालावा लागतो. दर वर्षाचा सांगितलेला असतो, पण आकारणी सहा महिन्यांची, तेव्हा दर निम्मा करायचा. आणि सहा वर्षांत असे सहामाही टप्पे बारा बसतात, तेव्हा मुदत दुप्पट करायची. दहा हजार गुणिले १.०४ चा बारावा घात, उत्तर १६,०१०. मुदत दीड वर्षाची असेल तर टप्पे तीन. दीडला दोनने गुणायचं, एवढंच.

चूक होते ती दोनपैकी एकच बदल करण्यात. विद्यार्थी दर निम्मा करतो आणि मुदत सहाच ठेवतो. मग दहा हजारांचे जेमतेम १२,६५३ होतात. हे उत्तर चुकलंय हे सूत्राशिवायही कळतं: साध्या, सरळ व्याजानंसुद्धा आठ टक्क्यांनी सहा वर्षांत १४,८०० होतात, आणि चक्रवाढ व्याज एका वर्षाहून लांब मुदतीत सरळ व्याजाच्या खाली जाऊ शकत नाही. उलट टप्पे बारा केले आणि दर आठच ठेवला, तर रक्कम २५,१८२ वर जाते. हे तर सरळ बारा वर्षांचं वार्षिक चक्रवाढ व्याज झालं. खरं उत्तर वार्षिक आकारणीच्या उत्तरापेक्षा थोडंसंच जास्त असलं पाहिजे. १५,८६९ च्या शेजारी १६,०१० शोभतं, २५,१८२ नाही. कागदावर उत्तर लिहिण्याआधी वार्षिक आकडा एकदा काढून पाहण्याची सवय मुलांना लावली, तर या प्रकारच्या गणितातल्या बऱ्याच चुका तिथेच सापडतील.

एखाद्या चौकस वाचकाला इथे शंका येईल. वर्षाला आठ टक्केच द्यायचे असतील, तर सहा महिन्यांचा दर चारपेक्षा किंचित कमी नको का? वर्षअखेर नेमके १०८ हवे असतील तर तो सुमारे ३.९२ ठेवावा लागेल, हे खरं. पण बँका आणि पोस्ट जाहीर केलेल्या वार्षिक दराचे सरळ दोन भाग करतात. म्हणूनच जाहीर दर आठ असला, तरी वर्षाचा खरा परतावा ८.१६ टक्के पडतो.

हा फरक ठेवीदाराला २०१६ साली प्रत्यक्ष जाणवण्याजोगा होता. त्या वर्षी १ एप्रिलपासून पाच वर्षांच्या बचत प्रमाणपत्राचा दर ८.५ वरून ८.१ झाला. दर घटल्याची चर्चा सगळीकडे झाली. त्याच दिवसापासून आकारणी सहामाहीऐवजी वार्षिक झाली, याकडे मात्र सामान्य ठेवीदाराचं लक्ष सहज जाण्यासारखं नव्हतं. आधीच्या प्रमाणपत्रावर दहा हजारांचे पाच वर्षांत १५,१६२ होत, कारण टप्पे दहा आणि प्रत्येकी दर ४.२५. नव्यावर पाच टप्पे, दर ८.१, रक्कम १४,७६१. घट चारशे एक रुपयांची. त्यातली सगळी दरकपातीची नव्हती: ८.१ टक्केच ठेवून आकारणी सहामाही राहिली असती, तर १४,८७४ मिळाले असते. म्हणजे ११३ रुपये केवळ आकारणीच्या बदलामुळे गेले, आणि वार्षिक परताव्यात पाहिलं तर घसरण ०.४ टक्क्यांची नसून जवळजवळ ०.६ टक्क्यांची होती: ८.६८ वरून ८.१ वर.

दोन ठेवींची तुलना करताना दराच्या आकड्याशेजारी आकारणी किती महिन्यांनी आहे हे वाचावं लागतं. बँकांच्या बऱ्याच मुदत ठेवींवर ती तीन महिन्यांनी असते. तिथे दर चारने भागायचा आणि वर्षं चारने गुणायची.