तेलावरचा कर कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातो?

13 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या आयात शुल्कात मोठी वाढ जाहीर केली. कच्चे पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेल यांवर तोवर मूळ सीमाशुल्क शून्य होते, ते 20 टक्के झाले. त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि समाजकल्याण अधिभार चढवला की एकूण भार साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर जातो. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन काढणीला येत होते आणि बाजार समित्यांतला भाव 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली होता. शेतकऱ्याला भाव मिळावा, हा या वाढीमागचा जाहीर हेतू होता.

असा कर लागला की पैसा कोणाकडून निघतो आणि कोणाकडे पोचतो, हे पाहण्यासाठी अर्थशास्त्रात एक साधी आकृती वापरतात. कागद-पेन्सिल घेऊन ती काढता येते, आणि नुसती डोळ्यांसमोर आणली तरी पुरते.

एक उभी रेघ काढा, ती तेलाचा किलोचा भाव दाखवते. तिच्या पायथ्यापासून उजवीकडे एक आडवी रेघ काढा, ती देशात वर्षाला विकले जाणारे तेल दाखवते. आता दोन तिरप्या रेषा. डावीकडून वरून सुरू होऊन उजवीकडे उतरत जाते ती मागणीची रेषा, कारण भाव उतरला की लोक जास्त तेल घेतात. डावीकडून खालून सुरू होऊन उजवीकडे चढत जाते ती देशी पुरवठ्याची रेषा, कारण भाव चढला तरच जास्तीचे तेलबी पेरणे आणि गाळणे परवडते.

भारत दरवर्षी सुमारे 150 ते 160 लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून अधिक. तेव्हा बाजारातला भाव ठरतो तो बंदरावर उतरलेल्या तेलाच्या भावावरून. तो किलोला 100 रुपये आहे असे धरून त्या उंचीवर एक आडवी रेषा ओढा. हिशेबाच्या सोयीसाठी सगळी तेले एकच मानू आणि गोल आकडे घेऊ. या भावाला देशी उत्पादन 100 लाख टन, खप 250 लाख टन आणि मधली 150 लाख टनांची तूट आयातीने भरलेली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण त्यांचे प्रमाण वास्तवाच्या जवळचे आहे.

या आकृतीत ग्राहकाचा फायदाही दिसतो. एखादे कुटुंब वेळ पडली तर किलोला 160 रुपये मोजायला तयार असते, पण त्याला तेल 100 रुपयांत मिळते. हे 60 रुपये त्याचा वाढावा. पाठ्यपुस्तकात याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. सगळ्या ग्राहकांचा असा वाढावा म्हणजे मागणीच्या रेषेखालचा आणि भावाच्या रेषेवरचा त्रिकोण. उत्पादकाचेही तसेच. ज्याला 80 रुपयांत तेल काढणे परवडते आणि 100 रुपये मिळतात, त्याचा वाढावा 20 रुपये. तो भावाच्या रेषेखाली आणि पुरवठ्याच्या रेषेवर मोजतात.

आता सरकारने किलोला 20 रुपये कर लावला. आयात केलेले तेल 120 रुपयांना पडू लागले. देशी तेलावर एक पैसाही कर नाही, तरी तेही 120 रुपयांनाच विकले जाणार, कारण शेजारचे आयात तेल 120 रुपयांना खपत असताना कोणी 100 रुपयांना विकणार नाही. जी गोष्ट सहज नजरेतून सुटते ती हीच. कर आयातीवर असला तरी ग्राहक तो प्रत्येक किलोवर मोजतो, पण तिजोरीत जमा होतो फक्त आयात केलेल्या किलोंवरचा.

120 रुपयांवर दुसरी आडवी रेषा ओढली की दोन रेषांमध्ये एक पट्टा तयार होतो. नव्या भावाला खप 250 वरून 240 लाख टनांवर आला आणि देशी उत्पादन 100 वरून 110 लाख टनांवर गेले असे धरू. आयात राहिली 130 लाख टन. एक लाख टन म्हणजे दहा कोटी किलो, म्हणून किलोमागे 20 रुपये म्हणजे लाख टनामागे 200 कोटी रुपये. उभ्या अक्षापासून मागणीच्या रेषेपर्यंतचा सगळा पट्टा ग्राहकाच्या वाढाव्यातून कापला गेला. त्याची किंमत 49,000 कोटी रुपये. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरात हा कर 80 रुपयांच्या रूपाने येतो.

या पट्ट्याचे डावीकडून चार तुकडे पडतात. पहिला मोठा तुकडा पुरवठ्याच्या रेषेपर्यंतचा, तो 21,000 कोटींचा आणि देशी उत्पादकांचा. मधला आयताकृती तुकडा आयातीचा, 130 लाख टनांवर 20 रुपयांप्रमाणे 26,000 कोटींचा, तो सरकारचा. उरले त्या आयताच्या दोन बाजूंचे, हजार हजार कोटींचे दोन लहान त्रिकोण. ते कोणालाच मिळत नाहीत. डावा त्रिकोण म्हणजे बाहेरून 100 रुपयांत मिळणारे तेल देशात जास्त खर्च करून काढण्याचे नुकसान. उजवा म्हणजे ज्यांना 100 रुपयांना तेल हवे होते पण 120 ला परवडले नाही, त्यांनी सोडलेला वाटा.

त्रिकोण इतके लहान आहेत, मग काळजी कसली, असे वाटू शकते. पण खरा प्रश्न दोन मोठ्या तुकड्यांचा आहे. आकृतीवर ‘उत्पादक’ आणि ‘सरकार’ असे लिहिले म्हणून पैसा त्यांच्याच हाती पडतो असे नाही. 2024 च्या वाढीने ते चांगलेच दाखवून दिले.

आधी सरकारचा आयत पाहू. शुल्क वाढले तेव्हा जुन्या दराने आणलेले सुमारे 30 लाख टन तेल देशात पडून होते, म्हणजे दीड महिन्याहून अधिक पुरेल इतके. त्यावर नवा कर भरलेला नव्हता. ते नव्या भावाने विकले तर वरचे 20 रुपये सरकारकडे नव्हे, तर साठा बाळगणाऱ्याकडे जाणार. म्हणून केंद्राच्या अन्न खात्याने तेल कंपन्यांना हा साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका असे सांगितले. किराणा दुकानांतले भाव मात्र त्याआधीच हलू लागले होते.

दुसरी गळती नेपाळमार्गे झाली. नेपाळहून येणाऱ्या मालाला व्यापार करारांमुळे शुल्कातून सूट मिळते. नेपाळात सोयाबीन फारसे पिकत नाही, पण भारताने शुल्क वाढवल्यावर तिथून शुद्ध सोयाबीन तेलाची आवक जोरात वाढली. भारतातल्या तेल गिरण्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या. या तेलावर भारतीय ग्राहक वाढीव भाव मोजतो, पण आयतातला तो भाग तिजोरीत न येता सीमेपलीकडचे कारखाने आणि व्यापारी यांच्यात वाटला जातो.

उत्पादकाच्या तुकड्याची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण शेतकऱ्याच्या नावाने कर लावला तो याच तुकड्यासाठी. शेतकरी तेल विकत नाही, सोयाबीन विकतो. एका क्विंटल सोयाबीनमधून सुमारे 18 किलो तेल निघते आणि 80 किलोच्या आसपास पेंड. तेल किलोला 20 रुपयांनी महागले तर क्विंटलमागे गिरणीला 360 रुपये जास्त मिळतात. पण पेंड किलोला साडेचार रुपयांनी उतरली की ते सगळे 360 रुपये उडून जातात.

त्या हंगामात पेंड उतरलेलीच होती. मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढताना डीडीजीएस नावाचा प्रथिनयुक्त चोथा उरतो. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा तो भरपूर आणि स्वस्त मिळू लागला, आणि कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांनी सोयापेंडीऐवजी तो घालायला सुरुवात केली. कर तेलावर लागला, पण सोयाबीनच्या वजनातला चार पंचमांश भाग असलेली पेंड दुसऱ्याच कारणाने घसरत होती. तेल महागले, आणि तरीही लातूर, अकोला, वाशीमच्या बाजारांत सोयाबीन हमीभावाखालीच विकले गेले.

यात गिरणीवाल्यांना दोष देण्यासारखे काही नाही. बी विकत घेताना ते तेल आणि पेंड या दोन्हींचा हिशेब करणारच. चूक आहे ती तेलाचा भाव आणि बियाचा भाव एकच मानण्यात.

मे 2025 च्या अखेरीस सरकारने कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क निम्म्याने कमी केले आणि एकूण भार साडेसोळा टक्क्यांवर आला. शुद्ध तेलावरचा 35.75 टक्के भार मात्र तसाच ठेवला. दोन्हींतले अंतर आता सव्वाएकोणीस टक्क्यांचे झाले. याचा अर्थ संरक्षणाचा रोख शेतकऱ्याकडून रिफायनरीकडे वळला. कच्चे तेल आणून इथे शुद्ध करणे फायद्याचे झाले आणि बाहेरून तयार तेल आणणे महाग. बंदरालगतच्या कारखान्यांतले रोजगार टिकवायला हे उपयोगी पडेल, पण त्याचा सोयाबीनच्या शेताशी संबंध फार थोडा.

पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचला की नाही हे ओळखण्याची एक खूण आकृतीतच आहे, ती म्हणजे पुरवठ्याची रेषा. सप्टेंबरमध्ये कर लागला तेव्हा पीक शेतात उभे होते, त्यामुळे त्या हंगामात उत्पादन वाढणे शक्यच नव्हते. पुरवठ्याची रेषा तेव्हा जवळपास सरळ उभी होती आणि भावातली वाढ पोचली असती तर ती निव्वळ हातात पडली असती. तिचा परिणाम पुढच्या जूनमधल्या पेरणीत दिसायला हवा होता, कारण ज्या पिकाने पैसे दिले त्याचा पेरा शेतकरी वाढवतो. 2025 च्या खरिपात देशातले सोयाबीनचे क्षेत्र वाढले नाही, घटले. वाढले ते मक्याचे, म्हणजे ज्याच्या चोथ्याने सोयापेंडीची गिऱ्हाइके पळवली होती त्याच पिकाचे.