मराठी विलोमवाक्ये आणि ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न

जे पद किंवा वाक्य आरंभापासून वाचले काय अथवा अंतापासून वाचले काय, सारखेच राहते, त्यास विलोमपद किंवा विलोमवाक्य म्हणतात. मराठीत ही गणना वर्णाने होत नाही, अक्षराने होते. स्वर, अथवा स्वरासह येणारे एक वा अधिक व्यंजन, असे जे लेखनातील एकक, तेच येथे अक्षर समजावयाचे. ‘कनक’ या शब्दाची वर्णशः फोड केल्यास क्, अ, न्, अ, क्, अ असे सहा वर्ण मिळतात आणि उलट क्रमात आरंभी ‘अ’ येऊन शब्द मोडतो. क, न, क या तीन अक्षरांचा क्रम मात्र दोन्ही बाजूंनी एकच राहतो. नमन, जलज, कडक, नवजीवन हे शब्द याच अर्थाने विलोमपदे होत.

ही गणनापद्धती मराठीस संस्कृत चित्रकाव्याकडून मिळाली. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग ही तिची प्रसिद्ध स्थाने. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूर येथील ज्योतिषी दैवज्ञ सूर्यपंडित यांनी ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यातील श्लोकाचा पूर्वार्ध रामपर असून तो उलट वाचला असता कृष्णपर उत्तरार्ध सिद्ध होतो. असल्या रचनांत अनुस्वार किंवा विसर्ग कमीअधिक झाल्याने चित्राचा भंग होत नाही, अशी सवलत अलंकारशास्त्राने दिलेली आहे. परंतु त्या सवलतीत ऱ्हस्व-दीर्घाचा समावेश नाही. मराठी विलोमवाक्यांचा खरा प्रश्न नेमका तेथेच उद्भवतो.

मौखिक परंपरेने सर्वत्र पसरलेले एक वाक्य परीक्षेसाठी घेता येईल : ‘तो कवी डालडा विकतो’. त्याची अक्षरे तो, क, वी, डा, ल, डा, वि, क, तो अशी नऊ आहेत. पहिल्याची जोडी नवव्याशी, दुसऱ्याची आठव्याशी, तिसऱ्याची सातव्याशी आणि चौथ्याची सहाव्याशी लावावयाची. पाचवे ‘ल’ हे मध्याक्षर एकटे राहते. पहिली, दुसरी आणि चौथी जोडी बिनचूक जुळते. तिसऱ्या जोडीत मात्र एका बाजूस दीर्घ ‘वी’ आणि दुसऱ्या बाजूस ऱ्हस्व ‘वि’ येतो. अर्थात आज छापले जाणारे हे वाक्य काटेकोर अर्थाने विलोमवाक्य ठरत नाही.

हा दोष मूळ रचनेचा आहे काय, याचे उत्तर लेखनाच्या इतिहासात सापडते. ‘डालडा’ हे वनस्पती तुपाचे व्यापारी नाव १९३७ साली बाजारात आले. तेव्हा या वाक्याची रचना त्यापूर्वीची असणे शक्य नाही. दुसऱ्या बाजूस, मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. त्यांपूर्वीच्या रूढ लेखनात तत्सम शब्दांचा अन्त्य इकार संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व लिहीत, म्हणजे ‘कवि’, ‘मति’, ‘बुद्धि’. नव्या नियमाने तो दीर्घ झाला. ‘तो कवि डालडा विकतो’ असे जुने लेखन स्वीकारले की नऊही अक्षरे निर्दोष जुळतात. त्या लेखनात सिद्ध असलेले वाक्य नव्या नियमाने असिद्ध ठरले, असेच म्हणावे लागते.

मात्र सर्व सदोष वाक्यांचे निराकरण जुन्या लेखनाने होत नाही. ‘चिमा काय कामाची’ या वाक्यात पहिले अक्षर ‘चि’ आणि सातवे ‘ची’ आहे. ‘शिवाजी लढेल जीवाशी’ येथे ‘शि’ आणि ‘शी’ यांची गाठ पडते. ‘भाऊ तळ्यात उभा’ येथे दुसरे अक्षर दीर्घ ‘ऊ’ आणि सहावे ऱ्हस्व ‘उ’ आहे. म्हणूनच हे वाक्य लिहिताना पुष्कळदा ‘ऊभा’ असे अशुद्ध रूप योजलेले आढळते. ‘ची’, ‘शी’ हे प्रत्यय आणि ‘भाऊ’ हा तद्भव शब्द जुन्या लेखनातही दीर्घान्तच असल्यामुळे येथे १९६२च्या नियमाला दोष देता येत नाही.

या तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे. मराठी शब्दाच्या अन्ती येणारा इकार किंवा उकार दीर्घ असतो. उलट अन्त्य अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, जसे ‘चिमा’, ‘उभा’. ‘शिवाजी’तील ‘शि’ तर ‘शिव’ या तत्सम शब्दामुळे मुळातच ऱ्हस्व आहे. वाक्य उलटविले म्हणजे शब्दाचा शेवट बहुधा दुसऱ्या शब्दाच्या आरंभावर जाऊन पडतो. त्यामुळे शब्दान्तीचा दीर्घ स्वर आणि शब्दारंभीचा ऱ्हस्व स्वर यांची जोडी लागते व ती विजोड ठरते.

यातून निर्दोष वाक्ये का निर्दोष आहेत, हेही उलगडते. ‘ती होडी जाडी होती’ या वाक्यात इकार चार वेळा आला असूनही ते शुद्ध आहे. त्याचा आरंभ ‘ती’ या एकाक्षरी शब्दाने होतो. तो शब्द स्वतःच आपला अन्त असल्यामुळे दीर्घ आहे आणि ‘होती’च्या अन्त्य ‘ती’शी जुळतो. तिसरे व पाचवे ‘डी’ हे अक्षरही दोन्ही ठिकाणी शब्दान्तीच पडते. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘टेप आणा आपटे’ या वाक्यांत इकार-उकारच नाहीत. आकार, एकार, ओकार यांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने तेथे बाधा येण्याचा प्रश्नच उरत नाही.

येथे कान आणि डोळा यांचा निवाडा परस्परविरुद्ध होतो. सामान्य उच्चारात ‘कवी’तील ‘वी’ आणि ‘विकतो’तील ‘वि’ यांतील अंतर ठळक नसते. म्हणून तोंडी सांगताना दोष कोणास जाणवत नाही. उलट ‘हाच तो चहा’ हे वाक्य लेखनात पूर्णपणे शुद्ध आहे, पण ‘हाच’मधील ‘च’ दन्ततालव्य व उच्चारात अकारहीन, तर ‘चहा’मधील ‘च’ तालव्य व अकारयुक्त आहे. ‘विकतो’मधील ‘क’देखील उच्चारात ‘विक्तो’ असा पुढील व्यंजनास जोडला जातो, ‘कवी’त तसे होत नाही. यावरून ज्या अक्षराने ही गणना होते ते उच्चाराचे नव्हे, लिपीचे एकक आहे, हे स्पष्ट होते.

अशा वाक्यांचा संग्रह करणाऱ्याने म्हणून प्रत्येक वाक्य ज्या लेखनात मिळाले त्याच लेखनात नोंदवावे आणि ज्या जोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद असेल तिचा क्रमांक शेजारी द्यावा. संपादनाच्या ओघात ‘कवि’चे ‘कवी’ केल्यास लेखन शुद्ध होते. परंतु वाक्य ज्यामुळे रचले गेले तो गुण नाहीसा होतो आणि त्याच्या काळाची एक खूणही त्याबरोबर पुसली जाते.