‘शुक्रवारपर्यंत’ इंग्रजीत लिहिताना

‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ ही दोन्ही वाक्यं मराठीत ‘पर्यंत’वर चालतात. पाठवणं एकदाच होतं, थांबणं मात्र सलग चालतं. हा फरक क्रियापदातून आपोआप कळतो, म्हणून मराठीत कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत तो क्रियापदावर सोडून भागत नाही. पहिल्या वाक्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं, दुसऱ्याला ‘अनटिल फ्रायडे’. मीटिंगच्या, मुदतीच्या, रजेच्या मेलमध्ये मराठी माणसाच्या ज्या चुका खरोखर नडतात, त्यांतल्या बऱ्याच या एका जागी होतात.

त्यामानाने ‘ऑन’, ‘ॲट’ आणि ‘इन’ सोपे आहेत. घड्याळातली वेळ असेल तर ‘ॲट’, वार किंवा तारीख असेल तर ‘ऑन’, महिना किंवा वर्ष असेल तर ‘इन’. पाच वाजता म्हणजे ‘ॲट फाइव्ह’, सोमवारी म्हणजे ‘ऑन मंडे’, जूनमध्ये म्हणजे ‘इन जून’. सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’ हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण त्या सकाळीला वार चिकटला की वाराचंच राज्य चालतं: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. आणखी एक जागा सांभाळायची. ‘उद्या’ला आपण प्रत्यय लावत नाही, तसं इंग्रजीतही ‘टुमॉरो’आधी काही येत नाही. पण इंग्रजी हीच सवलत ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’ आणि ‘एव्हरी’ यांनाही देते. ‘पुढच्या सोमवारी’मधली ‘ई’ मनात घोळत असल्यामुळे आपण ‘ऑन नेक्स्ट मंडे’ लिहितो. तिथे ‘ऑन’ नको. या चुकांनी भाषा थोडी खडबडीत होते, पण मीटिंग चुकत नाही.

‘बाय’ आणि ‘अनटिल’ची अदलाबदल झाली तर मात्र अर्थच बदलतो. समजा, पुण्यातल्या एका हिशेबनिसाच्या कार्यालयातून लंडनच्या ग्राहकाला रविवारी रात्री मेल गेली. लिहिणारीच्या मनात होतं: ‘मी बुधवारपर्यंत रजेवर आहे. ताळेबंदाचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठवा.’ मेलमध्ये उतरलं ते असं: ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय वेन्सडे. प्लीज सेंड द ड्राफ्ट अनटिल फ्रायडे.’

दुसऱ्या वाक्याचा शब्दशः अर्थ होतो, शुक्रवार येईतो मसुदा पाठवत राहा. हे इतकं विचित्र आहे की वाचणारा थबकतो आणि बहुधा खरा अर्थ स्वतःच लावून घेतो. खरा धोका पहिल्या वाक्यात आहे, कारण ते व्याकरणात चोख आहे. त्याचा अर्थ असा की बुधवार उजाडेल तेव्हा मी रजेवर गेलेली असेन. म्हणजे सोमवारी, मंगळवारी ती कार्यालयात भेटण्याची शक्यता आहे! ग्राहक सोमवारी फोन करतो, कुणी उचलत नाही. आणि गुरुवारी ती कामावर परत येते तेव्हा तो तिला रजेवर समजून गप्प बसलेला असतो. कानाला न खटकणारी चूक अशी दोन्ही बाजूंनी नुकसान करते, आणि कुणी ती दाखवूनही देत नाही.

पाठवण्याआधी हे ओळखायचं कसं? मराठीतच एक कसोटी आहे. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून पाहा. ‘पाचच्या आत पाठवा’ हे वाक्य सरळ चालतं, म्हणून तिथे ‘बाय’. ‘पाचच्या आत थांबा’ याला काही अर्थ नाही, म्हणून तिथे ‘अनटिल’. पाठवणे, भरणे, कळवणे, पूर्ण करणे ही कामं एका क्षणी होऊन जातात. त्यांच्यासोबत ‘बाय’ येतो. थांबणे, रजेवर असणे, चालू ठेवणे, उघडं राहणे ही स्थिती टिकते. तिच्यासोबत ‘अनटिल’ किंवा ‘टिल’.

नकार आला की ही कसोटी पुरत नाही, आणि तिथे जपून पाऊल टाकावं लागतं. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे अहवाल शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही. पुढे कधी होईल, ते सांगितलेलं नाही. ‘वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे’ म्हणजे अहवाल शुक्रवारशिवाय तयार होणार नाही, पण शुक्रवारी होईल. पहिल्यात उशिराची सूचना आहे, दुसऱ्यात जवळजवळ वचन आहे. मनातलं वाक्य ‘शिवाय’ने पुरं होत असेल तर ‘अनटिल’ लिहावं. हा ‘शिवाय’ आपल्या बोलण्यात रोजचा आहे, फक्त इंग्रजी लिहिताना तो आठवत नाही.

असाच फरक ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ यांत आहे. ‘आय विल रिप्लाय इन टू डेज’ असं वाचणारा उत्तराची वाट साधारण दोन दिवसांनी पाहायला लागतो. आपल्याला ‘दोन दिवसांच्या आत, कदाचित उद्याही’ म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’ लिहायला हवं.

आता वरची मेल दुरुस्त करू. ‘बाय वेन्सडे’च्या जागी ‘अनटिल वेन्सडे’ लिहिलं की व्याकरण सुधारतं, तरी एक शंका उरते: बुधवार रजेत धरायचा की बुधवारी ती परत येणार? ‘अनटिल’ इथे स्वच्छ उत्तर देत नाही. अमेरिकेत ‘थ्रू वेन्सडे’ म्हणतात आणि त्यात बुधवार धरलेला असतो, पण ब्रिटनमध्ये हा प्रयोग तितका रुळलेला नाही. म्हणून रजा संपण्याचा दिवस न सांगता परतण्याचा दिवस सांगावा: ‘आय विल बी बॅक ऑन थर्सडे, १२ जून.’ इथे ‘ऑन’ आला आणि शंका मिटली. महिना अक्षरांतच लिहावा, कारण १२/६ हे अमेरिकी वाचकाला ६ डिसेंबर वाटतं.

मसुद्याच्या मुदतीचंही तसंच. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरला जातो, आणि ‘बिफोर फ्रायडे’ म्हटलं की मुदत गुरुवारीच संपते. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत, हे ‘बाय फ्रायडे’ सांगत नाही. कुणी कचेरी सुटण्याची वेळ धरतो, कुणी मध्यरात्र. ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे, १३ जून’ असं लिहिलं की दोघांचं घड्याळ एक होतं. निदान दोघंही भारतात असतील तर. लंडनचा ग्राहक आपले पाच धरेल. जूनमध्ये लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे त्याचे पाच वाजतील तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. नुसतं ‘आयएसटी’ लिहूनही भागत नाही, कारण आयर्लंड आणि इस्राएलच्या वेळेलाही हीच अक्षरं वापरतात. त्यामुळे दोन्ही शहरांची वेळ लिहून टाकावी: पुण्यात संध्याकाळी पाच, लंडनला दुपारी साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर मागे जातात; त्यानंतर मार्चअखेरपर्यंत पुण्याच्या पाचला लंडनमध्ये साडेअकरा लिहायचे.