३१ मार्च उलटल्यावर आलेला सरकारी कागद

२६ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेखाली काही सवलती जाहीर केल्या. त्यातली एक भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची होती. ज्या आस्थापनेत शंभरपर्यंत कर्मचारी आहेत आणि त्यातल्या किमान नव्वद टक्के लोकांचा पगार महिना १५,००० रुपयांच्या आत आहे, तिथल्या या कमी पगारवाल्यांचा पीएफ सरकार भरणार होतं. कामगाराच्या वाट्याचे १२ टक्के आणि मालकाच्या वाट्याचे १२ टक्के, मिळून २४ टक्के. मार्च, एप्रिल आणि मे अशा तीन महिन्यांच्या पगारावर ही सवलत होती. योजनेचा तपशील कागदावर उतरला तो एप्रिलमध्ये, आणि १३ मे रोजी तिला जून ते ऑगस्ट अशी आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ जाहीर झाली.

आता या तारखांच्या मधोमध ३१ मार्च आहे. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष त्या दिवशी संपतं. घोषणा वर्ष संपायच्या आत झाली, नियम वर्ष संपल्यावर आले, पैसे त्याहून उशिरा जमा झाले. मग हे अनुदान कुठल्या वर्षाच्या हिशेबात धरायचं? सीएच्या परीक्षेत चार ओळींत विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देताना दोन लेखामानकं एकदम हाताशी घ्यावी लागतात. एक सरकारी अनुदानाचं, दुसरं ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या घटनांचं.

उदाहरणासाठी एक छोटी खासगी कंपनी घेऊ. चाळीस कामगार, प्रत्येकाचा पीएफला पात्र पगार १२,००० रुपये, आणि ३०,००० रुपये पगाराचे दोन सुपरवायझर. एकूण बेचाळीस माणसं, त्यातली चाळीस १५,००० च्या आतली. म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या होतात. एका कामगारामागे २४ टक्क्यांचे २,८८० रुपये, चाळिसांचे महिन्याला १,१५,२०० रुपये. संचालक मंडळाने हिशेब मंजूर केले ३० जुलै २०२० ला.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण इथेच पुष्कळ लोक चुकतात. १,१५,२०० ही सगळी रक्कम कंपनीचं अनुदान नाही. कामगाराच्या वाट्याचे १२ टक्के कंपनीचा खर्च नसतोच. ते पगारातून कापून पुढे भरले जातात, कंपनी फक्त मधला हात. सरकारने ते भरले तर फायदा कामगाराचा, त्याच्या हातात महिन्याला १,४४० रुपये जास्त पडतात. कंपनीचा खर्च वाचतो तो मालकाच्या वाट्याचा, म्हणजे महिन्याला ५७,६०० रुपये. प्रश्न फक्त या ५७,६०० चा आहे.

अनुदान हिशेबात कधी धरायचं याची कसोटी जुन्या लेखामानक १२ मध्ये आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस २० मध्ये सारखीच आहे: अटी आपण पाळू याची वाजवी खात्री हवी, आणि पैसे मिळतील याचीही. पैसे हातात पडणं ही कसोटी नाही. उलट इंड एएस २० तर बजावून सांगतं की अनुदान खात्यात जमा झालं म्हणजे अटी पाळल्या गेल्याच, असा निष्कर्ष काढू नका. जमा झालेले पैसे परतही मागता येतात.

ही खात्री कुठल्या दिवशी असायला हवी? ३१ मार्चला. इथे दुसरं मानक येतं, लेखामानक ४ किंवा इंड एएस १०. ते म्हणतं, ३१ मार्च ते हिशेब संचालक मंडळाने मंजूर करेपर्यंत जे घडेल त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहा आणि प्रत्येक घटनेला एकच विचारा: ३१ मार्चला जी परिस्थिती होती तिच्याबद्दल ही घटना काही सांगते आहे, की परिस्थितीच नवी निर्माण झाली आहे? पहिल्या प्रकारची घटना ॲडजस्टिंग. तिच्यामुळे ३१ मार्चचे आकडे बदलतात. दुसऱ्या प्रकारची नॉन-ॲडजस्टिंग. आकडे तसेच राहतात, घटना मोठी असेल तर तिचा खुलासा करायचा.

हे आपल्या कंपनीला लावून पाहू. ३१ मार्चला काय काय होतं? मार्चचं काम झालं होतं, पगार देणं लागू झालं होतं, पीएफचं देणं उभं होतं. पटावर बेचाळीस माणसं होती. आणि कोणत्या अटींवर, किती टक्के, कोणत्या महिन्यांसाठी सवलत मिळणार, हे अर्थमंत्र्यांनी जाहीर केलेलं होतं. एप्रिलच्या कागदाने यात नवा हक्क दिला नाही, आधी दिलेल्या शब्दाची प्रक्रिया ठरवून दिली. म्हणून माझ्या मते एप्रिलचा कागद ही ॲडजस्टिंग घटना, आणि मार्चचे ५७,६०० रुपये २०१९-२० च्या नफा-तोटा पत्रकात येतात.

एखादा काटेकोर ऑडिटर यावर म्हणेल, पत्रकार परिषद म्हणजे अधिसूचना नव्हे. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सरकारी घोषणा पुढे अटींनी बारीक होत जातात, हे सगळ्यांनीच पाहिलं आहे. पण अशा प्रश्नात गुण मिळतात ते निष्कर्षाला नव्हे, कारणाला. ‘३१ मार्चला अटी नेमक्या कळल्या नव्हत्या, म्हणून वाजवी खात्री नव्हती’ असं लिहिणारा मला मान्य नसला तरी बाजू मांडतो आहे. ‘पैसे एप्रिलनंतर आले, म्हणून पुढच्या वर्षात’ असं लिहिणाऱ्याला मात्र प्रश्नच कळलेला नाही.

एप्रिल आणि मेचं काय? त्यांचीही घोषणा २६ मार्चलाच झाली होती, खात्रीही तितकीच. तरी ते १,१५,२०० रुपये २०१९-२० मध्ये येत नाहीत, कारण अनुदान ज्या खर्चाची भरपाई करतं त्या खर्चाच्या सोबतीनेच ते उत्पन्नात जातं. एप्रिलचा पगार एप्रिलमध्ये लागतो, त्याचं अनुदानही तेव्हाच.

१३ मेची मुदतवाढ तर दोन्ही बाजूंनी पुढच्या वर्षाची. जून ते ऑगस्टचे १,७२,८०० रुपये द्यायचे हा निर्णय ३१ मार्चला अस्तित्वातच नव्हता. टाळेबंदी लांबत गेली, म्हणून तो मेमध्ये नव्याने झाला. ही शुद्ध नॉन-ॲडजस्टिंग घटना. समजा सरकारने मेमध्येच असं म्हटलं असतं की फेब्रुवारीचा पीएफसुद्धा आम्ही परत देतो, तर? खर्च मागच्या वर्षाचा म्हणून अनेकांचा हात मागच्या वर्षाकडे वळेल. पण आधीच होऊन गेलेल्या खर्चासाठीचं अनुदान ज्या काळात मिळण्याजोगं होतं त्याच काळात उत्पन्न म्हणून धरतात. निर्णय मेचा, म्हणून उत्पन्न २०२०-२१ चं.

उलट दिशेचा प्रश्न जास्त गमतीचा आहे. समजा जूनमध्ये लक्षात आलं की कंपनीचं दुसऱ्या तालुक्यातलं युनिटही त्याच पीएफ कोडखाली येतं, आणि दोन्हींची माणसं मिळून मार्चमध्येच १०८ होती. शंका जूनमध्ये निघाली, पण १०८ माणसं मार्चची आहेत. म्हणजे अट त्या दिवशीच पुरी होत नव्हती. ही ॲडजस्टिंग घटना, आणि ५७,६०० रुपये काढून टाकावे लागतील. हिशेब मंजूर झाल्यावर, समजा सप्टेंबरमध्ये, हे कळलं असतं तर तो मागच्या हिशेबातल्या चुकीचा वेगळा विषय झाला असता. या मानकाची खिडकी संचालक मंडळाने सही केली की बंद होते. भागधारकांची वार्षिक सभा पुढे केव्हाही असो.

पगाराच्या अनुदानात रकमा लहान असतात. ५७,६०० रुपयांसाठी कोणी ताळेबंद पुन्हा उघडत नाही हेही खरं. यंत्रसामग्रीच्या अनुदानात मात्र हाच प्रश्न अंगावर येतो. याच कंपनीने एक कोटीचं यंत्र घेतलं, त्यावर २० लाखांची सबसिडी मिळाली, अट अशी की यंत्र पाच वर्षं चालू ठेवायचं. यंत्राचं आयुष्य दहा वर्षं, म्हणून दरवर्षी दोन लाख उत्पन्नात. तीन वर्षांनी सहा लाख उत्पन्नात गेलेत, चौदा लाख ताळेबंदात पुढच्या वर्षांसाठी राखलेले आहेत. आता मेमध्ये खात्याचं पत्र आलं: यंत्र बंद आहे, पूर्ण २० लाख परत करा.

उत्तर पत्राच्या तारखेत नाही, यंत्र कधी बंद पडलं त्यात आहे. कंपनीने ते फेब्रुवारीतच कायमचं बंद केलं असेल तर अट ३१ मार्चपूर्वी मोडली होती. मेचं पत्र त्याचा पुरावा. २० लाखांचं देणं ३१ मार्चच्या ताळेबंदात येईल. राखून ठेवलेले चौदा लाख त्याला खर्ची पडतील, आणि उरलेले सहा लाख त्या वर्षाच्या नफ्यातून जातील. पण यंत्र १२ एप्रिलच्या आगीत जळालं असेल तर ३१ मार्चला ते धडधडत होतं. आग नवी, अटभंग नवा, परतफेडही नवी. एक पैसाही हलवायचा नाही. फक्त आग काय स्वरूपाची होती आणि तिच्यामुळे अंदाजे किती रकमेचा परिणाम होईल हे सांगायचं. अंदाज शक्य नसेल तर तसं लिहायचं. इंड एएस लावणारी कंपनी हे हिशेबाच्या टिपांमध्ये लिहिते. लेखामानक ४ नुसार ते संचालकांच्या अहवालात जातं.

याच तर्काने एकच महामारी दोन कंपन्यांच्या हिशेबात वेगळी दिसली. ज्यांचं वर्ष ३१ डिसेंबर २०१९ ला संपलं त्यांच्यासाठी टाळेबंदी ही वर्षानंतरची गोष्ट होती, म्हणून फक्त खुलासा. आपल्याकडच्या ३१ मार्चवाल्यांसाठी ती वर्षाच्या आतच सुरू झाली होती. बुडीत उधारी असो की पडून राहिलेला माल, त्यांना आकड्यांनाच हात घालावा लागला.

या नियमाला मोठा अपवाद एकच. १२ एप्रिलच्या आगीत एक यंत्र नव्हे तर सगळा कारखाना गेला, विमा नाही, आणि संचालकांनी ठरवलं की आता धंदा बंद. आग ३१ मार्चनंतरची असली तरी ‘कंपनी पुढे चालणार आहे’ हे गृहीत धरून हिशेब मांडता येत नाहीत. तेव्हा ॲडजस्टिंग की नॉन-ॲडजस्टिंग हा वाद मागे पडतो, आणि ३१ मार्चचा सगळा ताळेबंद बंद पडणाऱ्या कंपनीचा म्हणून नव्याने मांडावा लागतो.