‘लिंक असलेला कोणीही’ म्हणजे नेमकं कोण?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितं, “फाइल उघडत नाही, परवानगी मागतेय.” थोड्या वेळाने सेक्रेटरी गुगल ड्राइव्हच्या शेअरिंगच्या चौकटीचा स्क्रीनशॉट टाकतात आणि खाली लिहितात, “आता बघा, सगळ्यांसाठी ओपन केलंय.” त्या चौकटीत वर मालकाचं नाव आणि ईमेल पत्ता असतो. त्याखाली General access हे शीर्षक, मग पृथ्वीगोलाचं छोटं चिन्ह आणि Anyone with the link हा पर्याय. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: Anyone on the internet with the link can view. उजव्या बाजूला Viewer. ग्रुपवर अंगठे उमटतात आणि विषय संपतो.

सेक्रेटरींच्या मनातले ‘सगळे’ म्हणजे ग्रुपवरचे सभासद. त्या बारीक ओळीने मात्र सभासद, सोसायटी, शहर अशी कुठलीच हद्द घातलेली नाही.

ड्राइव्हवरची फाइल कोणाला दाखवायची हे ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. पर्याय Restricted असेल तर फाइल मागणाऱ्याला आधी लॉगिन करावं लागतं. त्याचा ईमेल पत्ता मालकाने दिलेल्या यादीत असेल तरच फाइल उघडते, नाहीतर You need access असं उत्तर मिळतं. Anyone with the link निवडलं की ही ओळखपरेडच बंद होते. समोरचा कोण आहे हे विचारलंच जात नाही. त्याचं गुगल खातं नसलं तरी चालतं. पाहिली जाते ती फक्त लिंक, आणि लिंकमधला महत्त्वाचा भाग म्हणजे त्या फाइलचा लांबलचक क्रमांक:

```
https://drive.google.com/file/d/फाइलचा-क्रमांक/view
```

हा क्रमांक इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची सरमिसळ करून केलेला असतो आणि इतका लांब असतो की अंदाजाने तो कोणाला सापडणं व्यवहारात अशक्य. म्हणूनच ही सोय ठेवलेली आहे आणि लग्नाच्या फोटोंसाठी किंवा स्पर्धेच्या नियमावलीसाठी ती उत्तम आहे. पण तिचं सगळं संरक्षण लिंक गुप्त राहण्यावर उभं आहे. बेअरर चेकवर बँक नाव बघत नाही, हातात कोणाच्या आहे एवढंच बघते. ही लिंक तशीच आहे. फरक इतकाच की चेक एकदा वटला की संपतो, लिंक मात्र मालक बंद करेपर्यंत कितीही जणांसाठी, कितीही वेळा चालते.

आता एका नेहमीच्या प्रसंगात ही लिंक कशी फिरते ते पाहू. समजा, सोसायटीने ‘सभेचे कागद’ नावाचा एक फोल्डर केला. त्यात वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च होता. फोल्डर लिंकवर खुला करून ग्रुपवर टाकला, आणि त्यात काहीच वावगं नव्हतं. पुढच्या वर्षी भाडेकरूंचे कागद एका ठिकाणी ठेवावेत असं ठरलं. आयता फोल्डर होता म्हणून सेक्रेटरींनी त्यातच एक उपफोल्डर केला आणि भाडेकरार, पोलीस पडताळणीचे अर्ज, आधार कार्डांच्या प्रती त्यात टाकल्या. हे कागद शेअर केल्याचं त्यांना वाटलंच नाही, कारण या वेळी त्यांनी कुठलीही लिंक पाठवली नव्हती. पण ड्राइव्हमध्ये फोल्डरची परवानगी आतल्या प्रत्येक फाइलला आपोआप लागते, उपफोल्डरलाही लागते आणि नंतर टाकलेल्या फाइललाही. वर्षापूर्वीची लिंक ज्याच्या फोनमध्ये पडून होती, त्याच्यासाठी आधार कार्डांच्या प्रती त्याच दिवशी उघड्या झाल्या.

ती लिंक कोणाकोणाकडे होती? आजच्या सभासदांकडे होतीच. फ्लॅट विकून गेलेल्यांकडेही होती, कारण ग्रुप सोडला तरी आधीचे संदेश आपल्या फोनमध्ये राहतात. हिशेब बघून सांगा म्हणून एकाने ती आपल्या सीएकडे पाठवली होती. दुसऱ्याने पुण्याहून ती अमेरिकेतल्या मुलाला पाठवली, कारण फ्लॅट मुलाच्या नावावर होता. तिसऱ्याने ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं होतं आणि ब्राउझरच्या इतिहासात पूर्ण पत्ता उरला. यांतल्या कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. प्रत्येकाने आपलं साधं काम केलं आणि लिंक एकेक पाऊल पुढे गेली. आणि आधीच्या कोणत्याही पावलाची ड्राइव्हला खबर नसते. शेवटचा माणूसही त्याच्या लेखी पहिल्याइतकाच हक्काचा.

काही वेळा तर माणसाने लिंक पुढे पाठवावीही लागत नाही. मे २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स या कंपनीने जाहीर केलेला दोष यासाठी समजून घेण्यासारखा आहे. आपण एका पानावरच्या दुव्यावर क्लिक करून दुसऱ्या संकेतस्थळावर जातो, तेव्हा ‘मी अमुक पत्त्यावरून आलो’ हे ब्राउझर त्या संकेतस्थळाला कळवू शकतो. लिंकवर खुला केलेला दस्तऐवज कोणी ड्रॉपबॉक्समध्ये उघडला, त्यातल्या एखाद्या दुव्यावर क्लिक केलं, की त्या दस्तऐवजाची गुप्त लिंक पलीकडच्या संकेतस्थळाच्या नोंदवहीत जाऊन बसे. संकेतस्थळ चालवणाऱ्याने नोंदी चाळल्या तर दस्तऐवज त्याच्यासमोर उघडा. यासोबत आणखी एक वाट पुढे आली. लोक लिंक पत्त्याच्या पट्टीऐवजी सर्च इंजिनच्या चौकटीत टाकत होते आणि ती शोधाचे शब्द म्हणून जाहिरातदारांच्या अहवालात पोहोचत होती. इंट्रालिंक्स या कंपनीच्या लोकांना आपल्या जाहिरातींचे असे अहवाल पाहताना परक्या माणसांची कराची विवरणपत्रं आणि गृहकर्जाचे अर्ज सापडले. ड्रॉपबॉक्सने तेव्हा अशा जुन्या लिंक बंद केल्या. गुगलनेही त्याच वर्षी ड्राइव्हमधल्या काही प्रकारच्या फाइलींबाबत असाच दोष दुरुस्त केला. हे दोष आज बुजले आहेत. पण लिंक म्हणजे एक वेबपत्ता, आणि वेबपत्त्यांची नोंद ब्राउझर, कार्यालयाचं नेटवर्क, लिंक तपासणाऱ्या सेवा असे अनेक जण करतच असतात, ही गोष्ट बदललेली नाही.

सर्च इंजिनमध्ये अशी फाइल येते का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. केवळ हा पर्याय निवडल्याने ती शोधात दिसत नाही. पण लिंक कुठल्याही सार्वजनिक पानावर कोणी टाकली, की सर्च इंजिनच्या यंत्रणेला तिथपर्यंतची वाट मिळते आणि तीही ‘कोणीही’मध्ये मोडते. जुलै २०१८ मध्ये रशियात यांडेक्स या सर्च इंजिनवर लोकांना गुगल डॉक्समधले परक्यांचे दस्तऐवज दिसू लागले. त्यांत पासवर्डही लिहिलेले होते. कोणी कुलूप फोडलं नव्हतं. लॉगिनशिवाय उघडणारी पानंच आम्ही नोंदवतो, असं यांडेक्सचं म्हणणं होतं, आणि ते दस्तऐवज लॉगिनशिवाय उघडतच होते.

“पण फक्त बघायचीच तर परवानगी आहे,” हा दिलासा सेक्रेटरी नेहमी देतात. Viewer ला फाइलमध्ये बदल करता येत नाही, हे खरं. मात्र तो ती उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, तिची प्रत करू शकतो. शेअरिंगच्या चौकटीतल्या दातेरी चाकाच्या चिन्हात ही डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीची सोय बंद करता येते. तेवढी ती जरूर करावी, पण पडद्यावर दिसलेल्या आधार कार्डाचा फोटो काढायला त्यानेही अडत नाही. आणि Viewer च्या जागी चुकून Editor निवडलं गेलं असेल तर अनोळखी माणूस मजकूर पुसूही शकतो.

मला यात सर्वांत गंभीर वाटते ती वेगळीच गोष्ट. साध्या, वैयक्तिक गुगल खात्यावर अशी फाइल कोणी पाहिली याची यादी मालकाला मिळत नाही. डॉक्स किंवा शीट्स उघडी असताना वरच्या कोपऱ्यात एखाद्या अनामिक प्राण्याचं चित्र दिसतं, तेवढीच खूण; आणि तीही तो पाहुणा आत असेपर्यंतच. पीडीएफ किंवा फोटोला तेही नाही. म्हणजे भाडेकरूने उद्या विचारलं, “माझं आधार कोणी कोणी पाहिलं?” तर सेक्रेटरींकडे प्रामाणिक उत्तर नाही. आणि ते आधार त्यांचं स्वतःचं नाही. दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आहे.

आपली फाइल खुली आहे का, हे तपासायला स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. तो काढला त्या क्षणाची स्थिती दाखवतो आणि वरच्या फोल्डरने काय दिलं आहे हे कित्येकदा त्यातून कळतच नाही. खात्रीचा उपाय सोपा आहे. लिंक कॉपी करा, ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, लॉगिन न करता तिथे लिंक टाका. फाइल दिसली तर ती जगाला खुली आहे. लॉगिन मागितलं तर बंद आहे. फोल्डरची लिंक असेल तर आत जाऊन शेवटच्या उपफोल्डरपर्यंत बघा. परगावच्या अनोळखी माणसाला जे दिसेल, तेच तुम्हाला त्या खिडकीत दिसतं.

खुली सापडली तर General access मध्ये Restricted निवडा आणि ज्यांना गरज आहे त्यांचे ईमेल पत्ते एकेक करून घाला. भाडेकरूंच्या कागदांसाठी असे दोन-तीन पदाधिकारी पुरतात. हे कागद सभेच्या फोल्डरमधून काढून वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये ठेवा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर बहुधा संस्थेच्या नावाचा मधला पर्यायही असतो. फाइल खुली ठेवायचीच असेल पण आतल्यांपुरती, तर तो निवडावा.

एक बारकावा इथे हटकून सुटतो. Restricted केल्यावर जुनी लिंक बाहेरच्यांसाठी लगेच बंद होते, पण तिचा क्रमांक बदलत नाही. चार महिन्यांनी कोणाला दाखवायची म्हणून फाइल पुन्हा खुली केली, तर तीच जुनी लिंक सगळ्या जुन्या फोनांमध्ये पुन्हा जिवंत होते. लिंक खरोखर मोडायची असेल तर फाइलची नवी प्रत करावी, ती बंद फोल्डरमध्ये ठेवावी आणि मूळ फाइल काढून टाकावी. नव्या प्रतीला नवा क्रमांक मिळतो.

दरम्यान ज्यांनी फाइल उतरवून घेतली असेल, त्यांच्या प्रती मात्र परत घेता येत नाहीत. म्हणून सोसायटी, क्लास, मंडळ किंवा शाळेच्या पालकसभेसाठी ड्राइव्ह सांभाळणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: आजच सर्वांत जुना शेअर केलेला फोल्डर इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा, आणि त्यात कोणाचं आधार, पॅन किंवा बँकेचं पासबुक दिसलं तर तो आधी बंद करा, आणि मग ज्यांचे ते कागद आहेत त्यांना तसं सांगा.